एकशे आठ नंबरच्या घराची मागणी

मार्च जवळ आला की ग्रामपंचायतीच्या टेबलावर दोन याद्या समोरासमोर येतात. एक मागणीची, नमुना ९ वरून उतरवलेली: मालमत्ता क्रमांक, मालकाचं नाव, घरपट्टी, पाणीपट्टी, एकूण. दुसरी वसुलीची, पावती फाटली तशी चढवलेली, त्यामुळे तिच्यात घरांचा क्रम कुठलाच नाही. कोणाकडे किती बाकी हे काढायचं तर वसुलीतल्या प्रत्येक घरासमोर त्याची मागणी आणून ठेवावी लागते. एक्सेलमध्ये हे काम `VLOOKUP` करतं.

यवतमाळ-वाशीमकडच्या एखाद्या गावातल्या लिपिकाला किंवा संगणक परिचालकाला हा फॉर्म्युला नवीन नसतो. एमएस-सीआयटीत तो एकदा करून झालेला असतो. पण तिथे तक्ता सहा ओळींचा, स्वच्छ, आणि बाजूला सांगायला सर उभे. इथे सर नाहीत आणि तक्ताही स्वच्छ नाही. असा माणूस दुपारच्या मोकळ्या अर्ध्या तासात एकट्याने उघडेल आणि करेल, असा धडा बनवायचा असेल तर अर्ध्याहून जास्त मेहनत फॉर्म्युला समजावण्यात जात नाही. ती सरावाचे आकडे निवडण्यात जाते. आकडे असे हवेत की प्रत्येक चुकीचं उत्तर वेगळं दिसेल. म्हणजे लिपिकाला जे दिसतंय त्यावरूनच त्याला आपलं चुकलं कुठे ते शोधता येईल.

हे कसं करायचं ते एका सरावावर दाखवतो. फाईलमध्ये दोन शीट, `Magni` आणि `Vasuli`. शीटची नावं मुद्दाम इंग्रजी अक्षरांत ठेवायची, कारण फॉर्म्युला लिहिताना मधेच कीबोर्ड मराठीवर नेणं आणि परत आणणं यात अर्धे लोक कंस विसरतात. `Magni`मध्ये बारा घरं: १०१ पासून ११३ पर्यंत, पण १०८ नाही. ते घर पडलं, मागणी निघाली नाही, असं समजा. `A` स्तंभात क्रमांक, `B` नाव, `C` घरपट्टी, `D` पाणीपट्टी, `E` एकूण. घरं ओळ २ ते १३. पाणीपट्टी सगळ्यांची सारखी, ६०० रुपये. घरपट्टी प्रत्येकाची वेगळी. १०७ ची १,२४० आणि म्हणून एकूण १,८४०.

`Vasuli`मध्ये आठ पावत्या, ओळ २ ते ९, या क्रमाने: ११०, १०४, ११३, १०८, १०७, १०२, १०९, १०१. `B`मध्ये भरलेली रक्कम. `C`मध्ये लिपिकाने मागणी आणायची, `D`मध्ये बाकी काढायची. `C2`मधलं बरोबर उत्तर हे:

```
=VLOOKUP(A2,Magni!$A$2:$E$13,5,FALSE)
```

हा क्रम सहज मनाला आला तसा लिहिलेला नाही. पावत्या मागणीच्याच क्रमाने मांडल्या असत्या, म्हणजे १०१, १०२, १०३ अशा, तर `$` न लावताही सगळी उत्तरं बरोबर आली असती. फॉर्म्युला खाली ओढला की `$` नसलेली पट्टी एकेक ओळ खाली सरकते: ओळ २ मध्ये ती `A2:E13` असते, ओळ ३ मध्ये `A3:E14`. घरंही त्याच चालीने खाली जात असतील तर शोधायचं घर नेमकं पट्टीच्या पहिल्याच ओळीत सापडत राहतं. लिपिकाला वाटतं जमलं, आणि खऱ्या यादीवर बसल्यावर निम्म्या ओळींत `#N/A` येतं. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच सरावफाईलींत हा दोष असतो. बनवणाऱ्याने एक यादी तयार केली, तीच कॉपी करून दुसरी केली आणि क्रम बदलायचं राहिलं.

आपल्या क्रमात मात्र `$` विसरला की पहिल्या तीन ओळी बरोबर येतात, आणि चूक खाली दिसते. ओळ ७ मध्ये पट्टी `A7`पासून सुरू होते. १०२ हे घर `Magni`च्या ओळ ३ मध्ये आहे, म्हणजे पट्टीच्या वर राहून गेलं. `#N/A`. ओळ ९ मध्ये १०१ चंही तेच. मधली १०७ आणि १०९ मात्र ठीक येतात, कारण ती पट्टीच्या आत आहेत. लिपिकाचा प्रश्न इथे नेहमी एकाच शब्दांत येतो: "वरचे तं येऊन राह्यले, खालचे काऊन नाही येत?" उत्तराचं स्पष्टीकरण याच प्रश्नापासून सुरू करावं. "वरचे आले, खालचे काही नाही आले? मग `C9` वर उभे राहा आणि वरच्या पट्टीत फॉर्म्युला वाचा. तिथे `A9` पासून सुरुवात दिसत असेल तर १०१ नंबरचं घर शोधायच्या जागेबाहेर गेलंय. `C2` मध्ये परत या, पट्टी निवडा, `F4` एकदा दाबा, पुन्हा खाली ओढा." काही लॅपटॉपवर `F4` सोबत `Fn` दाबावं लागतं, हेही त्याच ओळीत लिहावं. नाहीतर लिपिक बटण दाबून बसतो, आवाज कमीजास्त होतो आणि डॉलर काही येत नाही.

आता १०८. सगळ्या सरावाचा जीव या एका पावतीत आहे.

फॉर्म्युल्याच्या शेवटी `FALSE` लिहिलं असेल तर १०८ समोर `#N/A` येतं, आणि तेच बरोबर उत्तर आहे. मागणीच्या यादीत ते घर नाही. `FALSE` गाळलं तर एक्सेल ते `TRUE` धरतं, म्हणजे "नेमकं नसेल तर त्याच्या खालोखालचं चालेल". मग १०८ समोर १०७ ची मागणी येते: १,८४०. पावती ५०० ची असेल तर बाकी १,३४०. काहीही लाल होत नाही, इशारा येत नाही, बाकीच्या सातही ओळी अचूक असतात. ज्या घरावर मागणीच नाही त्याच्या नावाने १,३४० ची नोटीस निघू शकते, आणि ती चूक ग्रामसभेत घरमालक उभा राहीपर्यंत कोणाला कळत नाही.

म्हणून क्रमांकांमध्ये अशी एक गळलेली जागा हवीच. ती नसेल तर चढत्या क्रमाच्या यादीवर `FALSE` असो वा नसो, उत्तरं तीच. गंमत अशी की `#N/A` दिसलं की लिपिक आपलं चुकलं समजतो आणि १,८४० दिसलं की निश्चिंत होतो. वर्गात शिक्षक हा गैरसमज तोंडी मोडतो. स्वयंअभ्यासात ते काम स्पष्टीकरणाने करायचं असतं. मी तर सरावाच्या आधीच एक प्रश्न ठेवावा अशा मताचा आहे: "आठपैकी एका पावतीची मागणी सापडणार नाही. कोणती, हे फॉर्म्युला न लिहिता `Magni` शीट बघून शोधा." आधी डोळ्याने शोधलं की मग `#N/A` ची भीती जाते.

यापुढे लगेच कोणीतरी `IFERROR` कडे वळतं, आणि शंभरात नव्वद वेळा ते असं लिहिलं जातं:

```
=IFERROR(VLOOKUP(A5,Magni!$A$2:$E$13,5,FALSE),0)
```

दिसायला साफ. पण १०८ ची मागणी शून्य झाली, भरले ५००, म्हणजे बाकी उणे ५००. स्तंभाची बेरीज करताना हे पाचशे दुसऱ्या कोणाच्या बाकीतून वजा होऊन जातात, आणि एकूण बाकी खऱ्यापेक्षा कमी दिसते. धड्यात शून्याच्या जागी "मागणीत नाही" असं लिहायला लावावं. मग `D5`मधल्या वजाबाकीत `#VALUE!` येतं, कारण शब्दातून रक्कम वजा होत नाही. तेही येऊ द्यावं. ती ओळ हातानेच बघायची आहे, हे त्यातून आपोआप सांगितलं जातं.

स्तंभाच्या क्रमांकाची चूक त्यामानाने साधी, पण तिच्यासाठीही आकड्यांची सोय आधीच केलेली आहे. पाणीपट्टी सगळ्यांची ६०० ठेवली ती यासाठी. `5` ऐवजी `4` लिहिलं तर `C` स्तंभ १०८ ची ओळ सोडून वरून खालपर्यंत ६००, ६००, ६०० होतो आणि पाहणारा थबकतो. `3` लिहिलं तर १०७ समोर १,२४० येतात. `6` लिहिलं तर `#REF!`, कारण निवडलेल्या पट्टीत पाचच स्तंभ आहेत. म्हणजे १०७ ची एकच ओळ पाहून कुठली चूक झाली ते सांगता येतं, आणि स्पष्टीकरणाचं पानही तसंच रचता येतं. वर "तुमच्याकडे १०७ समोर काय आलं?" आणि खाली १,८४०, १,२४०, ६००, `#REF!`, प्रत्येकासमोर दोन-तीन वाक्यं. बरोबर उत्तराला एक ओळ पुरते. बरीचशी जागा चुकीच्या उत्तरांना द्यावी, कारण ते पान उघडणारा माणूस अडलेला असतो.

दुसरा सराव दिसायला हुबेहूब हाच. तीच बारा घरं, त्याच आठ पावत्या. फक्त `Vasuli`मधले दोन क्रमांक बिघडवलेले. १०४ हा आकडा नसून मजकूर आहे. आणि १०९ च्या मागे एक न दिसणारी जागा चिकटलेली आहे, पोर्टलवरून कॉपी केल्यावर येते तशी. बनवणाऱ्यासाठी कृती: १०४ टाकताना आधी एकेरी अवतरणचिन्ह, म्हणजे `'104`. १०९ साठी रिकाम्या कप्प्यात खालचं लिहून, कॉपी करून `Paste Special` मधून `Values` म्हणून `A8`मध्ये चिकटवायचं.

```
="109"&CHAR(160)
```

आता फॉर्म्युला अगदी बरोबर असूनही दोन्हींसमोर `#N/A`. पहिल्या सरावात शिकलेला लिपिक म्हणेल, घर मागणीत नसेल. डोळ्याला तर दोन्हीकडे १०४ दिसतंय. `VLOOKUP`च्या लेखी आकडा १०४ आणि मजकूर १०४ हे दोन वेगळे, इथवर बहुतेक धडे सांगतात. पुढची गोष्ट क्वचितच सांगितली जाते: `COUNTIF` हा भेद करत नाही. लिपिकाने खात्री करायला `=COUNTIF(Magni!$A$2:$A$13,A3)` लिहिलं तर उत्तर १ येतं. एक फॉर्म्युला म्हणतो आहे, दुसरा म्हणतो नाही, आणि माणूस एक्सेलवरच बिघडलं म्हणून ठपका ठेवतो. म्हणून हा विरोधाभास लपवू नये, सरावातच घ्यावा. दोन्ही फॉर्म्युले शेजारी लिहायला लावायचे आणि विचारायचं की दोघांतलं खरं कोण बोलतंय. तिसऱ्या कप्प्यात `=ISNUMBER(A3)` लिहिलं की `FALSE` येतं आणि उलगडा होतो.

दुरुस्तीतही एक हमखास अडकण्याची जागा आहे. लिपिक तो कप्पा निवडतो, फॉर्मॅट `Text` वरून `Number` करतो, आणि काहीच घडत नाही. फॉर्मॅट बदलल्याने आत साठवलेली वस्तू बदलत नाही, फक्त पुढे काय साठवायचं ते ठरतं. कप्प्यावर `F2` आणि `Enter` केलं तर ती पुन्हा वाचली जाते, पण अवतरणचिन्ह असेल तर तेही काढावं लागतं. दोनशे ओळी असतील तर स्तंभ निवडून `Data` मधलं `Text to Columns` उघडायचं आणि पुढचं काही न बघता `Finish` दाबायचं. सगळे आकडे एका दमात मोकळे होतात. १०९ मात्र यानेही सुधारेल असं धरून चालू नये, आणि `TRIM` तर त्या जागेला हातच लावत नाही. तो नेहमीची रिकामी जागा काढतो, ही वेगळी. `=LEN(A8)` केल्यावर ३ ऐवजी ४ आलं की ओळखायचं, आणि मग:

```
=VALUE(SUBSTITUTE(A8,CHAR(160),""))
```

इथे बनवणाऱ्याने एक काळजी घ्यायची. सरावाची शीट सुरक्षित राहावी म्हणून आपण `Protect Sheet` लावतो, उत्तराचे कप्पे तेवढे मोकळे ठेवतो. पहिल्या सरावाला ते छान. पण सुरक्षित शीटवर `Text to Columns` निस्तेज होतं, फॉर्मॅटही बदलता येत नाही. म्हणजे जी दुरुस्ती शिकवायची तिलाच कुलूप. दुसरा सराव उघडाच ठेवावा आणि बिघडला तर परत घेता यावा म्हणून त्याच शीटची एक प्रत फाईलच्या शेवटी ठेवावी.

हिस्सेवाटणी झालेल्या घरांचा विषय वेगळ्या सरावाचा आहे, पण विदर्भातल्या कुठल्याही गावच्या यादीत तो टळत नाही. बारा नंबरचं घर दोन भावांत वाटलं गेलं की १२/१ आणि १२/२ होतात. हे साध्या कप्प्यात टाकलं की एक्सेल त्याची तारीख करतं: `12-Jan`, `12-Feb`. घाबरून फॉर्मॅट `Text` केला की आणखी विचित्र, कारण क्रमांक २०२५ साली टाकलेला असेल तर आता दिसतं `45669`, म्हणजे त्या वर्षीच्या १२ जानेवारीचा एक्सेलमधला दिवस-क्रमांक. उपाय आधीच करायचा असतो: स्तंभ रिकामा असतानाच `Text` करून मग क्रमांक टाकायचे, आणि ते दोन्ही शीटमध्ये. आधीच बिघडलेली यादी हातात आली असेल तर `=DAY(A2)&"/"&MONTH(A2)` ने १२/१ परत मिळतो, पण संगणकाची तारखेची पद्धत भारतीय असेल तरच. एखाद्या संगणकावर अमेरिकी पद्धत राहिलेली असते; तिथे १२/१ ची `1-Dec` झालेली असते आणि हाच फॉर्म्युला १/१२ देतो. हे दुसऱ्याच कोणाचं तरी घर.

नावावरून जुळवण्याचा हट्ट काही जण धरतात, त्याबद्दल धड्यात एक परिच्छेद पुरे. गावात एकाच नावाचे दोघे असतात, एवढं कारणच खरं तर पुरेसं आहे. शिवाय जुन्या याद्या कृतिदेवमध्ये आणि नव्या युनिकोडमध्ये. पडद्यावर दोन्हीकडे तेच नाव, पण कृतिदेवच्या कप्प्यावर उभं राहून वरची फॉर्म्युला पट्टी वाचली तर तिथे इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. एक्सेल ती खिचडीच ताडून बघतं.

तपासणी आपोआप व्हावी असं प्रत्येकाला वाटतं, आणि ते सोपं आहे. उत्तरांची एक `Key` शीट लपवून ठेवायची आणि `E` स्तंभात तुलना लावायची.

```
=IF(C6="","",IF(C6=Key!C6,"बरोबर","पान २ बघा"))
```

ही तुलना `#N/A` समोर आलं की स्वतःच `#N/A` होते, त्यामुळे १०८ च्या ओळीत पूर्ण फॉर्म्युल्याच्या जागी `=IF(ISNA(C5),"बरोबर",IF(C5="","","पान २ बघा"))` वापरायचं, आणि बाकीच्या ओळींत बाहेरून `IFERROR` लावायचं. `Key` शीट पासवर्डने गाडून ठेवायच्या भानगडीत पडू नये. ज्याला उघडायचीच आहे तो उघडेल, आणि मॅक्रो वापरून लपवली तर फाईल कार्यालयातल्या संगणकावर नीट चालेलच याची खात्री राहत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे: लिपिकाने १,८४० हा आकडा हाताने टाकला तरी "बरोबर" उमटतं. `ISFORMULA` हे पकडतं, पण ते २०१३ पासूनच्या एक्सेलमध्ये आहे; एखाद्या कार्यालयात २००७ किंवा २०१० अजून चालू असेल तर तिथे `#NAME?` दिसेल. (`XLOOKUP` ला धड्यात जागा न देण्याचं कारणही हेच, ते २०२१ पासूनच्या आवृत्त्यांत किंवा ३६५ मध्येच मिळतं.) त्यापेक्षा सरावाच्या शेवटी एक सूचना टाकावी: "`Magni` मध्ये १०७ ची घरपट्टी १,२४० ऐवजी १,३४० करा. `Vasuli` मध्ये १,९४० झाले का?" यासाठी `Magni`चा `E` स्तंभ बेरजेच्या फॉर्म्युल्याने भरलेला असायला हवा आणि `C` स्तंभाला कुलूप नसायला हवं, हे बनवतानाच बघायचं. आकडा हाताने टाकलेला असेल तर तो जागचा हलत नाही. क्वचित फॉर्म्युला खरा असूनही हलत नाही. तेव्हा `Formulas` मध्ये `Calculation Options` `Manual` वर आहे का ते बघायला सांगावं. आधी उघडलेल्या दुसऱ्या एखाद्या फाईलमुळे ते तसं होऊन बसतं.

फाईल व्हॉट्सअॅपवरून आली असेल तर ती बऱ्याचदा पिवळ्या पट्टीसह उघडते. `Enable Editing` दाबेपर्यंत काहीच लिहिता येत नाही. ही सूचना फाईलच्या आत लिहून भागत नाही, पाठवतानाच्या मेसेजमध्येच लिहावी. नाहीतर काही जण तिथूनच परत जातात.

एवढ्यानंतरही या धड्याने न सुटणारं एक काम उरतं, आणि ते धड्यातच स्पष्ट लिहावं. एकाच घराने दोन हप्त्यांत पैसे भरले तर वसुलीत १०४ दोनदा येतो. वसुलीकडून मागणीकडे बघताना दोन्ही ओळींसमोर पूर्ण मागणी उभी राहते, आणि बाकीचा स्तंभ बेरजेला घेतला तर १०४ ची मागणी दोनदा मोजली जाते. उलट मागणीकडून वसुलीकडे `VLOOKUP` नेला तर तो पहिला हप्ता सापडताच थांबतो. इथे `SUMIF` हवा:

```
=SUMIF(Vasuli!$A$2:$A$10,A5,Vasuli!$B$2:$B$10)
```

`COUNTIF`सारखाच हाही मजकूर झालेला १०४ आणि आकडा १०४ एकच धरतो, त्यामुळे क्रमांक बिघडलेला असला तरी बेरीज येते. रक्कमच मजकूर झालेली असेल तर मात्र ती गुपचूप सोडून देतो. म्हणून पुढच्या सरावात नववी पावती घालायची, १०४ च्याच नावाची, ३०० रुपयांची, आणि ते ३०० `'300` असे टाकून ठेवायचे. किती जण एकूण वसुलीची बेरीज पावतीपुस्तकाशी ताडून बघतात, ते त्या ओळीवर कळतं.